गृहकर्जाची वजावट आणि वैद्यांचे वार्षिक करनियोजन

मार्च महिना जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या सभासदांच्या पत्रांतून आणि दूरध्वनींतून एक प्रश्न हमखास डोकावतो. 'यंदा पहिले घर घेतले, कर्जाचा हप्ता सुरू झाला, आता प्राप्तिकर किती वाचेल?' काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. व्याजाचे दोन लाख आणि मुद्दलाचे दीड लाखापर्यंत उत्पन्नातून वजा करा, असे सांगितले की काम भागत असे. आज हे उत्तर अपुरे आहे, आणि अनेक वैद्यांच्या बाबतीत ते चुकीचेही आहे. त्यातही चिकित्सालय वा औषधालय चालविणाऱ्यांना एक वेगळा नियम लागू होतो. पगारदार मनुष्य दरवर्षी आपली करप्रणाली बदलू शकतो. आपल्याला ती मोकळीक नाही. म्हणून गृहकर्जाच्या दोन वजावटी नेमक्या काय आहेत, त्या वार्षिक हिशेबात कोठे बसतात आणि कोठे बसत नाहीत, हे एका उदाहरणाच्या आधारे येथे मांडत आहोत.

हप्त्याचे दोन भाग

एका तालुक्याच्या गावी चिकित्सालय चालविणारे एक वैद्य आहेत असे समजू. त्यांची वार्षिक व्यावसायिक जमा २४ लाख रुपये आहे. ते कलम ४४-एडीएखाली अनुमानित उत्पन्न दाखवितात, म्हणजे जमेच्या निम्मे, १२ लाख रुपये, हे त्यांचे व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी स्वतः राहण्यासाठी तयार सदनिका घेतली आणि ४० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने काढले. व्याजदर साडेआठ टक्के असून तो हिशेबापुरता स्थिर धरू. मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये होतो.

वर्षभरात ते बँकेला सुमारे ४,१६,५५० रुपये देतात. यातील व्याज किती आणि मुद्दल किती, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पहिल्या वर्षी यात व्याज सुमारे ३,३६,९५० रुपये असते आणि मुद्दल केवळ ७९,६०० रुपये फिटते. पुढे व्याज हळूहळू उतरते आणि मुद्दल चढते. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, व्याज सुमारे ३,२२,२५० आणि मुद्दल ९४,३०० रुपये असे प्रमाण येते. कायद्याच्या दृष्टीने हे दोन भाग सर्वस्वी निराळे आहेत. त्यांची कलमे वेगळी, मर्यादा वेगळ्या आणि अटीही वेगळ्या.

व्याजाची वजावट

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४(बी) खाली स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचे व्याज वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत वजा होते. येथे प्रथम लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की ही वजावट व्यवसायाच्या खर्चात धरावयाची नसते. स्वतःच्या राहत्या घराचे वार्षिक मूल्य शून्य मानले जाते, त्यातून व्याज वजा केल्यावर 'घरापासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली उणे दोन लाख असा आकडा येतो, आणि हा तोटा इतर उत्पन्नातून वळता केला जातो. काही सभासद अनुमानित उत्पन्नातूनच 'खर्च' म्हणून व्याज कमी करतात. ते चूक आहे. कलम ४४-एडीएखाली निम्मी जमा उत्पन्न धरली की व्यवसायाचे सर्व खर्च त्यात आले. घराचे व्याज हा तर मुळात व्यवसायाचा खर्चच नव्हे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. आपल्या वैद्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या व्याजातील दोन लाख वगळता उरलेले १,२२,२५० रुपये कोठेही वजा होत नाहीत, आणि पुढील वर्षी ओढताही येत नाहीत. याच कर्जावर व्याज दोन लाखांच्या खाली येते ते तेराव्या वर्षी. तोपर्यंत दरवर्षी व्याजाचा काही भाग करसवलतीविना जात राहतो.

तिसरी गोष्ट बांधकाम चालू असलेल्या घराची. ताबा मिळण्यापूर्वीच्या काळातील व्याज त्या त्या वर्षी वजा होत नाही. बांधकाम ज्या आर्थिक वर्षात पूर्ण होते, त्याच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचे व्याज एकत्र करून, पूर्णतेच्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत ते मिळते. मात्र हा पाचवा हिस्साही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत बसवावा लागतो. चालू वर्षाचे व्याजच दोन लाखांहून अधिक असेल तर जुन्या व्याजाचा हिस्सा कागदावरच राहतो. शिवाय ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले, त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर पूर्ण झाले पाहिजे. अन्यथा दोन लाखांची मर्यादा ३० हजारांवर येते. रखडलेल्या इमारतीत पैसे अडकलेल्या सभासदांनी ही तारीख लिहून ठेवावी.

मुद्दलाची वजावट

मुद्दलाची परतफेड कलम ८०-सीखाली येते. या कलमाची मर्यादा दीड लाख रुपये असून ती एकट्या मुद्दलासाठी नाही. आयुर्विम्याचा हप्ता, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, मुलांचे शिक्षणशुल्क, समभागाधारित बचत योजना हे सगळे याच एका पात्रात मोजले जाते. घर घेण्याच्या वर्षी भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्कही याच कलमात, पण केवळ भरल्याच्या वर्षी वजा होते. महाराष्ट्रातील शहरी भागात पन्नास लाखांच्या सदनिकेवर हे शुल्क दीड लाखाच्या बरेच पुढे जाते. म्हणजे खरेदीच्या वर्षी हे पात्र शुल्कानेच काठोकाठ भरते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये 'कर वाचविण्यासाठी' म्हणून नवी विमा पॉलिसी घेतली तर तिने एक रुपयाही कर वाचत नाही, आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचा हप्ता मात्र गळ्यात पडतो.

दोन्ही वजावटींत आणखी तीन फरक आहेत. मुद्दल प्रत्यक्ष भरले त्या वर्षी वजा होते; व्याज देय झाले त्या वर्षी वजा होते. मार्चचा हप्ता एप्रिलमध्ये भरला गेला तर त्यातील व्याज जुन्या वर्षात आणि मुद्दल नव्या वर्षात जाते. मुद्दलाच्या वजावटीसाठी कर्ज बँक, गृहवित्त कंपनी यांसारख्या कायद्याने मान्य केलेल्या संस्थेकडूनच घेतलेले असावे लागते. मेहुण्याकडून किंवा मित्राकडून घेतलेल्या रकमेचे व्याज प्रमाणपत्राच्या आधारे वजा होऊ शकते, पण मुद्दल नाही.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या आर्थिक वर्षात घराचा ताबा मिळाला, त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर आजवर ८०-सीखाली घेतलेली मुद्दलाची आणि मुद्रांक शुल्काची सर्व वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्न म्हणून परत जमा धरली जाते. आपल्या वैद्यांना ताबा एप्रिल २०२३ मध्ये मिळाला, म्हणून त्यांच्यासाठी ही मुदत ३१ मार्च २०२९ पर्यंत आहे. व्याजाच्या वजावटीला अशी परतफेड नाही.

दोन प्रणाली, तीन वर्षे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आतापर्यंत सांगितलेल्या दोन्ही वजावटी, घर स्वतः राहण्यासाठी असेल तर, केवळ जुन्या करप्रणालीत मिळतात. कलम ११५-बीएसीखालील नव्या प्रणालीत राहत्या घराचे व्याज वजा होत नाही आणि कलम ८०-सी तर नाहीच. ही नवी प्रणाली २०२०-२१ पासून ऐच्छिक होती; २०२३-२४ पासून तीच मूलभूत प्रणाली झाली. काही न कळविल्यास आपले उत्पन्न नव्या प्रणालीत मोजले जाते.

आपल्या वैद्यांच्या वजावटी अशा आहेत : गृहकर्जाचे व्याज दोन लाख, मुद्दल, विमा आणि भविष्य निर्वाह निधी मिळून दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे ५० हजार, आरोग्य विम्याचे २५ हजार. एकूण सव्वाचार लाख. १२ लाखांतून त्या वजा केल्या की करपात्र उत्पन्न ७,७५,००० रुपये राहते आणि जुन्या प्रणालीत त्यावर ६७,५०० रुपये कर येतो. चार टक्के उपकर धरून ७०,२०० रुपये. जुन्या प्रणालीचे दर या तीन वर्षांत बदललेले नाहीत, म्हणून हा आकडा तिन्ही वर्षी तोच राहतो.

नव्या प्रणालीत मात्र दर बदलत गेले. २०२३-२४ मध्ये १२ लाखांवर उपकरासह ९३,६०० रुपये कर होता. म्हणजे जुन्या प्रणालीत त्यांचे २३,४०० रुपये वाचले. हा लाभ सर्वस्वी गृहकर्जामुळे होता. व्याजाचे दोन लाख नसते तर जुन्या प्रणालीतील कर उपकरासह १,११,८०० रुपयांवर गेला असता आणि नवी प्रणालीच स्वस्त पडली असती. २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीतील कर ८३,२०० रुपयांवर आला आणि जुन्या प्रणालीचा लाभ १३,००० रुपयांपर्यंत उतरला.

२०२५-२६ मध्ये चित्र पालटले. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, पुढील प्रत्येक चार लाखांच्या टप्प्यास अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या पुढे ३० टक्के, असे दर आले. शिवाय कलम ८७-एखालील सूट ६० हजारांपर्यंत वाढल्याने १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य झाला. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट लागू नाही, हे ध्यानात असावे. आपले वैद्य सवयीने जुन्या प्रणालीतच राहिले, तर २०२५-२६ साठी ते ७०,२०० रुपये भरतील. नव्या प्रणालीत त्यांना काहीच भरावे लागणार नाही. घर तेच, कर्ज तेच, व्याज तेच; दोन वर्षांपूर्वी ज्या निवडीने पैसे वाचविले, तीच निवड आता पैसे घालवीत आहे.

किती वजावट असेल तर जुनी प्रणाली परवडते?

उत्पन्न १२ लाखांहून अधिक असेल तर? आम्ही २०२५-२६ च्या दरांनी हिशेब मांडून पाहिला. उत्पन्न १३ लाख असेल तर दोन्ही प्रणालींतील कर समान होण्यासाठी एकूण वजावट ४,८७,५०० रुपये लागते. १६ लाख उत्पन्नावर ती ५,७५,००० रुपये, २० लाखांवर सुमारे ७,०८,००० रुपये, आणि २४ लाखांपासून ५० लाखांपर्यंत ती ७,७५,००० रुपयांवर स्थिरावते. यापेक्षा अधिक वजावट असेल तरच जुनी प्रणाली स्वस्त पडते.

आपल्या वैद्यांची वजावट सव्वाचार लाख आहे. ती यांपैकी कोणत्याही पायरीपर्यंत पोहोचत नाही. पगारदारांना घरभाडे भत्त्याची सूट आणि प्रमाणित वजावट असते. चिकित्सालय चालविणाऱ्याला त्यांतील काहीच नाही. तेव्हा ज्यांची मुख्य वजावट गृहकर्ज हीच आहे, अशा पहिले घर घेणाऱ्या वैद्याला किंवा औषधालयाच्या मालकाला २०२५-२६ च्या दरांनी जुन्या प्रणालीत जाऊन लाभ होत नाही.

अपवाद आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज कलम ८०-ईखाली मर्यादेविना वजा होते. ज्येष्ठ नागरिक असलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा, अपंग अवलंबिताचा सांभाळ, मोठ्या देणग्या यांच्याही वजावटी आहेत. या साऱ्या गृहकर्जाच्या जोडीस आल्या तर आकडा पायरी ओलांडू शकतो. पण लाभ किती, हेही पाहावे. १३ लाख उत्पन्नाच्या वैद्यांची वजावट सव्वाचार लाखांवर शैक्षणिक कर्जाचे ८० हजार मिळून ५,०५,००० झाली, तर जुन्या प्रणालीत त्यांचे वाचतात ते केवळ साडेतीन हजार रुपये आणि त्यावरील उपकर.

पती-पत्नी दोघेही वैद्य असतील तर घर आणि कर्ज दोघांच्या नावे असल्यास प्रत्येकाला दोन लाखांपर्यंत व्याज स्वतंत्रपणे वजा करता येते. त्यासाठी दोघेही खरेदीखतात सहमालक आणि कर्जात सहकर्जदार असावेत, आणि प्रत्येकाने आपला वाटा आपल्या खात्यातून भरावा. पण वरील पायऱ्या प्रत्येक व्यक्तीला वेगळ्या लागू होतात. दोघांची वजावट मिळून आठ लाख झाली, म्हणून एकाची पायरी ओलांडली जात नाही.

ज्या निवडीला परतीचा मार्ग एकच आहे

येथे आपल्याला लागू होणारा वेगळा नियम येतो. व्यवसाय किंवा धंद्याचे उत्पन्न असलेल्या व्यक्तीला जुन्या प्रणालीत जावयाचे असेल तर विवरणपत्राच्या नियत मुदतीच्या आत नमुना १०-आयईए भरावा लागतो. एकदा तो भरला की पुढील वर्षांनाही तीच निवड लागू राहते. नंतर नव्या प्रणालीत परत यावयाचे असेल तर पुन्हा हाच नमुना भरून एकदाच परतता येते. आणि असे परतल्यावर, व्यवसायाचे उत्पन्न चालू असेतो, जुन्या प्रणालीचे दार कायमचे बंद होते.

आपल्या वैद्यांनी २०२३-२४ साठी हा नमुना भरला होता. २०२५-२६ साठी त्यांनी परत फिरणे हिताचे आहे, हे वरील आकड्यांवरून स्पष्ट आहे. तथापि पुढे उत्पन्न वाढले, वजावटीही वाढल्या किंवा दर बदलले, तरी त्यांना पुन्हा जुन्या प्रणालीत जाता येणार नाही, हे समजून त्यांनी सही करावी. ज्यांनी अजून हा नमुना कधीच भरलेला नाही, त्यांची स्थिती अधिक चांगली आहे. त्यांच्या हातची निवड शाबूत आहे. साडेतीन हजारांच्या लाभासाठी ती खर्ची घालावी काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आमचे मत, घालू नये, असे आहे.

चुका दोन प्रकारे होतात. एक, नमुना भरलाच नाही किंवा मुदत उलटल्यावर भरला, आणि विवरणपत्रात मात्र जुन्या प्रणालीच्या वजावटी घेतल्या. अशा वेळी कलम १४३(१) खालील सूचनापत्रात वजावटी शून्य करून नव्या दराने कर मोजलेला दिसतो आणि अनपेक्षित मागणी निघते. दुसरी चूक उलट्या दिशेची आणि निमूट आहे. पूर्वी नमुना भरलेला असतो, तो विसरला जातो, आणि दरवर्षी जुन्या प्रणालीने कर भरला जातो. येथे कोणतीही नोटीस येत नाही, कारण सरकारला अधिकच पैसे मिळत असतात. गेल्या दोन वर्षांच्या विवरणपत्रांची पहिली पाने काढून, प्रणालीच्या प्रश्नापुढे काय उत्तर लिहिले आहे, एवढे पाहिले तरी ही चूक उघडी पडते.

नव्या प्रणालीत काय उरते?

नवी प्रणाली निवडली म्हणजे गृहकर्जाचा कराशी संबंध पूर्णपणे तुटला असे नव्हे. घर भाड्याने दिले असेल तर त्याचे व्याज नव्या प्रणालीतही वजा होते, पण भाड्याच्या उत्पन्नापुरतेच. तालुक्याच्या गावी चिकित्सालय असलेले अनेक सभासद मुलांच्या शिक्षणाचा विचार करून शहरात सदनिका घेतात आणि काही वर्षे ती भाड्याने देतात. मासिक भाडे १५ हजार असेल तर वर्षाचे १,८०,००० रुपये होतात. त्यातून भरलेला पालिकेचा कर आणि उरलेल्याची ३० टक्के प्रमाणित वजावट जाते. पालिकेचा कर बाजूस ठेवल्यास १,२६,००० रुपये उरतात, आणि ते व्याजात पूर्णपणे वळते होतात. भाडे करमुक्त झाले, एवढाच लाभ. उरलेले व्याज चिकित्सालयाच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

व्यवसायाच्या जागेसाठी घेतलेले कर्ज ही आणखी वेगळी बाब आहे. दवाखान्याचा गाळा किंवा औषधालयाची जागा कर्जाने घेतली असेल तर त्याचे व्याज व्यवसायाचा खर्च असते. दोन लाखांची मर्यादा त्याला नाही आणि ते दोन्ही प्रणालींत वजा होते. मात्र त्यासाठी नियमित हिशेब ठेवून खरा नफा दाखवावा लागतो. अनुमानित पद्धतीत ते निम्म्या जमेतच गेलेले असते. राहत्या घराच्या एका खोलीत दवाखाना असेल तर तेवढा भाग 'घरापासूनचे उत्पन्न' या शीर्षात येत नाही, म्हणून संपूर्ण व्याज राहत्या घराचे म्हणून दाखवू नये. क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागणी करावी.

हा विचार एका व्यावहारिक निर्णयापाशी येऊन थांबतो. नव्या प्रणालीत गृहकर्जावर कोणतीच सवलत नसल्याने साडेआठ टक्के हा कर्जाचा खरा, पूर्ण भाव ठरतो. त्याच वेळी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर २०२५-२६ मध्ये ७.१ टक्के व्याज आहे आणि नव्या प्रणालीत त्यात भरलेल्या रकमेवर वजावट नाही. तेव्हा कर वाचविण्यासाठी जी रक्कम मार्चमध्ये अशा योजनांत टाकली जात असे, ती कर्जाच्या मुद्दलात भरणे अधिक लाभाचे ठरते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आपल्या वैद्यांनी वाचलेले ७०,२०० रुपये तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर अखेरचे आठ हप्ते, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख रुपये, भरावे लागत नाहीत. अर्थात सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते हाताशी ठेवूनच हे करावे. बँकेत भरलेले मुद्दल गरजेच्या वेळी परत मागता येत नाही.

वर्षाचा क्रम

वर्षाचे काम थोडके आहे. एप्रिलमध्ये बँकेकडून मागील वर्षाचे व्याज-मुद्दलाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि चालू वर्षाचे अंदाजपत्रकही मागून घ्यावे. फेब्रुवारीत वर्षाच्या जमेचा अंदाज बांधून दोन्ही प्रणालींनी कर मोजावा. वर दिलेल्या पायऱ्यांशी आपल्या एकूण वजावटीची तुलना केली की उत्तर लगेच समजते. अनुमानित उत्पन्न दाखविणाऱ्यांनी संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत भरावयाचा असतो, म्हणून हा निर्णय त्यापूर्वी झालेला असावा. नमुना भरण्याची गरज असलीच तर तो विवरणपत्राच्या आधी भरून त्याची पोचपावती जपून ठेवावी.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख आहे. २०२५-२६ चे उत्पन्न जुन्याच अधिनियमाखाली मोजले जाते. त्यापुढील उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतात. ८०-सीची जागा कलम १२३ घेते, घराच्या व्याजाची वजावट कलम २२ मध्ये आणि नवी करप्रणाली कलम २०२ मध्ये आहे. लेखापालांशी बोलताना क्रमांक वेगळे ऐकू आले तर गोंधळून जाऊ नये.

रुग्णाची प्रकृती न पाहता शेजाऱ्याला लागू पडलेला योग आपण कोणाला देत नाही. करप्रणालीची निवडही तशीच आहे. शेजारच्या पगारदार गृहस्थांना गृहकर्जाने कर वाचला असेल. आपल्या चिकित्सालयाच्या उत्पन्नाला तो नियम लागू पडेलच असे नाही. आपली एकूण वजावट, आपले उत्पन्न आणि पूर्वी नमुना १०-आयईए भरला आहे किंवा नाही, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून मगच सभासदांनी आपल्या सनदी लेखापालांना भेटावे.